एकच घसरण, दोन वेगळ्या नाड्या

"सासरे ७१ वर्षांचे. शुगर १६ वर्षांची जुनी, बीपीच्या दोन गोळ्या, शिवाय रात्री प्रोस्टेटची एक. सकाळी उठलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. बसवून मोजलं तर १४६/८४, नाडी ७४. बीपी वाढलंय म्हणून महिन्याभरापूर्वी गोळीचा डोस वाढवून घेतला, तर चक्कर उलट वाढली. परवा बेसिनपाशी उभे असतानाच मोजलं, तर ११२/६६, नाडी ७८. त्याच आठवड्यात एकादशीला दुपारी सासूबाईंना (वय ६६) गरगरलं. त्यांचं बसून १२८/७६, नाडी ८२. उभं राहिल्यावर १०६/७०, नाडी १०४. दोघांनाही लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं. सासूबाई तासाभरात सावरल्या, सासऱ्यांना फरक नाही. यंत्र बिघडलंय का? नाडी तर दोघांची नॉर्मलच दिसते. सासऱ्यांची गोळी बंद करून बघू का?"
– सिडको, नाशिक येथून एक सून

ताई, यंत्र बहुधा ठणठणीत आहे. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. त्याचं कारण पुढे येईलच. आधी 'नाडी नॉर्मलच आहे' या तुमच्या वाक्यापाशी थोडं थांबू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

मिनिटाला ६० ते १०० ठोके हा हिशोब स्वस्थ बसलेल्या माणसाचा. बीपी दाणकन खाली आलेल्या माणसाची नाडी ७८ असेल, तर तिला नॉर्मल म्हणता येत नाही. त्या क्षणी ती वाढायला हवी होती आणि वाढली नाही. तुम्ही आकडा बरोबर लिहिलात, फक्त तो एकटा वाचलात. स्क्रीनवरचा PULSE चा आकडा वरच्या दोन आकड्यांना जोडून वाचायचा असतो, आणि तोही एका वेळचा नाही. आडवं असताना किती होता आणि उभं राहिल्यावर किती झाला, हे पाहायचं.

माणूस उभा राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं की दाब घसरू लागतो. मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात, ते मेंदूला वर्दी देतात. मेंदूकडून दोन हुकूम सुटतात: हृदयाने जरा जलद चालावं, आणि पायांतल्या-पोटातल्या रक्तवाहिन्यांनी आवळून घ्यावं. हे सगळं काही सेकंदांत उरकतं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तब्येत ठीक असेल तर उभं राहिल्यावर वरचं बीपी जेमतेम हलतं, खालचं किंचित वर जातं आणि नाडी दहा-पंधराने वाढते. उतारवयात ही वाढ थोडी कमी असते, पण असते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं, तर डॉक्टर ती घसरण दखल घेण्याजोगी मानतात.

आता तुमच्या घरातले दोघे शेजारी-शेजारी ठेवा. सासूबाईंचं वरचं बीपी २२ ने उतरलं आणि नाडी २२ ने चढली. म्हणजे वर्दी पोचली, हुकूम सुटला, हृदयाने तो पाळलाही. तरी दाब सांभाळता आला नाही, कारण वाहिन्यांमध्ये रक्तच कमी होतं. एकादशीचा उपास, दुपारचं ऊन आणि दिवसभरात पोटात गेलेलं थोडंसं पाणी, एवढ्याने हे होऊ शकतं. टाकीत पाणी कमी पडलं म्हणून पंप जोरात फिरत होता. मीठ-साखर-पाणी पोटात गेलं, टाकी भरली, त्या सावरल्या.

सासऱ्यांचं वरचं बीपी ३४ ने उतरलं आणि नाडी जेमतेम ४ ने चढली. घरगुती यंत्राच्या नाडीत तीन-चार ठोके इकडेतिकडे होतातच, तेव्हा ती वाढलीच नाही असं धरा. दाब एवढा कोसळूनही हृदय आपल्या चालीने चालत राहिलं. इथे पाणी कमी असेल किंवा नसेल, पण हुकूम हृदयापर्यंत पोचत नाही किंवा हृदयाला तो पाळता येत नाही, हे नक्की दिसतं. म्हणूनच लिंबूपाण्याने फरक पडला नाही.

डॉक्टर मंडळी याचा एक साधा भागाकार करतात. वरच्या बीपीची घसरण २० किंवा त्याहून जास्त असेल, तर नाडी जितकी वाढली त्याला त्या घसरणीने भागायचं. सासूबाईंचे २२ भागिले २२, म्हणजे १. सासऱ्यांचे ४ भागिले ३४, म्हणजे ०.१२ च्या आसपास. उत्तर ०.५ च्या खाली आलं तर मज्जातंतूंच्या बिघाडाचा संशय घ्यायचा. हे गणित तपासणीच्या खोलीत, काटेकोर मोजून बसवलेलं आहे. घरी तो इशारा समजा, निदान नव्हे. पण सोळा वर्षांच्या मधुमेहात हा इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. साखर जशी तळपायाच्या नसा बधिर करते, तशीच ती हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या बारीक नसाही हळूहळू निकामी करते. पायांना मुंग्या येणं, जेवल्यावर पोट बराच वेळ जड राहणं, लघवी पूर्ण न झाल्यासारखं वाटणं, यातलं काही सासऱ्यांना आहे का ते विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. एरवी घरातली मंडळी यातलं एकेक वेगवेगळं धरून बसतात.

मात्र नसांवर ठपका ठेवण्याआधी गोळ्यांची पाकिटं उलटी करून बघा. बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव '-लोल' असं संपत असेल, म्हणजे मेटोप्रोलोल, एटेनोलोल, बिसोप्रोलोल, तर ती गोळी हृदयाची गती बांधूनच ठेवते. तसं असेल तर नाडी न वाढण्याचं कारण गोळीतच असू शकतं आणि वरच्या भागाकाराला अर्थ राहत नाही. पेसमेकर बसवलेल्यांनाही हा हिशोब लागू नाही. पत्रात तुम्ही गोळ्यांची नावं दिलेली नाहीत, म्हणून हा निकाल मी इथे देऊ शकत नाही, पाकीट देईल.

रात्रीची प्रोस्टेटची गोळी या गोष्टीत बाजूला राहून जाते, कारण ती 'बीपीची' नसते. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, प्राझोसिन या जातीची औषधं लघवीचा मार्ग सैल करतात, पण रक्तवाहिन्याही थोड्या सैल सोडतात. रात्री घेतली की पहाटे अंथरुणातून उठताना तिचा अंमल असतोच. तिसरी पाहायची ती लघवी वाढवणारी गोळी. बीपीच्या जोडगोळीच्या नावामागे 'एच' किंवा 'सीटी' असं शेपूट असेल तर तीत बहुधा असं औषध मिसळलेलं असतं. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्याही लघवीवाटे साखर काढताना सोबत पाणी काढतात. डॉक्टर तीन, गोळ्या पाच, आणि सगळ्या एकत्र कुणीच पाहिलेल्या नाहीत, असं अनेक घरांत असतं.

तुमच्या आणखी एका समजुतीकडे वळतो. बसून १४६ आहे म्हणजे बीपी वाढलेलंच आहे, मग चक्कर 'कमी बीपीची' कशी असेल? तर एकाच माणसाचं बीपी आडवं असताना जास्त आणि उभं राहिल्यावर कमी, असं दोन्ही असू शकतं. मज्जातंतू बिघडलेल्यांत ही जोडी नेहमी दिसते. रात्रभर आडवं असताना दाब चढलेला राहतो, मूत्रपिंडं त्या दाबाने जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतात, माणूस रात्री तीन-तीनदा लघवीला उठतो आणि सकाळपर्यंत अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. म्हणून सकाळची वेळ सगळ्यात वाईट. सासरे रात्री वारंवार उठत असतील तर सगळा दोष प्रोस्टेटला देऊ नका. आणि अशा माणसाचं फक्त बसून मोजलेलं बीपी बघून डोस वाढवला, तर उभं राहिल्यावरची घसरण आणखी खोल होऊ शकते. तुमच्या घरी तेच झालं असण्याची शक्यता मला बरीच वाटते, पण बेसिनपाशी एकदाच मोजलेल्या आकड्यावर ते ठरवायचं नाही. आता नीट मोजू.

सकाळी लघवी करून आल्यावर, चहा-नाश्ता आणि गोळ्यांच्या आधी मोजा. सासऱ्यांना पलंगावर पाच मिनिटं उताणं झोपू द्या, उशी नेहमीची एकच. पट्टा उघड्या दंडावर बांधा, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. नाशिकच्या थंडीत स्वेटरवरूनच पट्टा बांधायचा मोह होतो. तो टाळा, आणि बाही गुंडाळून दंडाला आवळेल असंही करू नका. दंडाचा घेर टेपने एकदा मोजून ठेवा. पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये मापं छापलेली असतात, बऱ्याच साध्या पट्ट्यांवर २२ ते ३२. दंड त्याहून जाड असेल आणि पट्टा तोकडा पडत असेल, तर बीपी खोटंच जास्त येतं.

पाच मिनिटं झाली की आडव्यानेच मोजा, एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दुसरा आकडा धरा. पट्टा सोडायचा नाही, नळी काढायची नाही. मग त्यांना उठवून उभं करा आणि पाय जमिनीला लागल्यापासून घड्याळ लावा. एक मिनिटाला एकदा बटण दाबा, तीन मिनिटं झाल्यावर पुन्हा एकदा. दर वेळी तिन्ही आकडे लिहा. मागे खुर्ची हवीच, आणि बाजूला दुसरं माणूस. अंधारी आली, बोलणं अडखळलं, चेहरा पांढरा पडला, तर तीन मिनिटांचा हट्ट धरू नका. लगेच बसवा आणि 'एक मिनिटाला अंधारी आली, बसवलं' एवढं लिहा. ही नोंदही आकड्याइतकीच कामाची असते. मुळात ते उभे राहतानाच कोसळत असतील, तर हा प्रयोग घरी करूच नका.

उभं असताना सगळ्यात जास्त चूक हाताच्या जागेची होते. आडवं असताना हात गादीवर, म्हणजे हृदयाच्या पातळीला असतो. उभं राहिल्यावर हात बाजूला लोंबकळू दिला तर पट्टा हृदयाच्या खाली जातो, वरच्या रक्ताच्या स्तंभाचं वजन त्यात मिसळतं आणि बीपी जास्त दिसतं. दर सेंटिमीटरला पाऊण अंक असा ढोबळ हिशोब आहे. पट्टा दहा सेंटिमीटर खाली गेला की सात-आठ अंक फुकटचे मिळतात. म्हणजे खरी घसरण २४ असेल तर ती १६-१७ दिसेल, आणि तुम्ही 'विशेष काही नाही' म्हणून वही मिटाल. बेसिनपाशी सासऱ्यांचा हात लोंबत असेल, तर त्यांची खरी घसरण ३४ हून जास्तच असणार.

म्हणून उभं असताना हाताला आधार द्यायचा. स्वयंपाकघराचा ओटा यासाठी ठेंगणा पडतो, त्यावर हात ठेवला तर पट्टा छातीच्या खालीच राहतो. कपाटाचा छातीइतक्या उंचीचा कप्पा चालतो. त्याहून सोपं म्हणजे तुम्ही शेजारी उभं राहून त्यांच्या कोपराखाली आपला तळवा धरा आणि हात इतका उचला की पट्ट्याचा मध्य छातीच्या हाडाच्या मध्याशी येईल. हाताचा सगळा भार तुमच्या तळव्यावर यायला हवा. त्यांनी स्वतः हात उचलून धरला तर स्नायू ताठतात आणि आकडा बिघडतो. त्या वेळात बोलायचं नाही, 'किती आलं?' असंही नाही.

ही मोजणी तीन वेगवेगळ्या सकाळी करा. चांगल्या यंत्राचा आकडाही पाच-सात अंकांनी मागेपुढे होतो, त्यामुळे एका दिवसाच्या ८-१० च्या घसरणीवर काही ठरवू नका. तिन्ही दिवस तीच गोष्ट दिसली तरच ती खरी. शिवाय एखाद्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तासाभराने एकदा करा. वयस्क मधुमेहींमध्ये जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं आणि घसरण वाढते. भरपेट पुरणपोळीनंतरची ती 'झापड' कधीकधी निव्वळ झोप नसते.

यंत्राची एक मर्यादाही लक्षात ठेवा. त्याला एका मोजणीला ३०-४० सेकंद लागतात. उठल्याबरोबर पहिल्या १५ सेकंदांत बीपी झपकन पडून लगेच सावरलं, तर ते यंत्राला दिसणारच नाही. उठताक्षणी अंधारी येते आणि मिनिटाचे आकडे मात्र उत्तम आहेत, असं झालं तर 'घरच्यांचा भ्रम' म्हणून सोडू नका. ती घसरण ठोक्यागणिक दाब टिपणाऱ्या यंत्रावरच सापडते.

नाडीच्या आकड्याबद्दलही थोडं. यंत्र काही हृदय ऐकत नाही. पट्टा सैल होताना दंडातल्या धमनीची जी धडधड पट्ट्याच्या हवेत उमटते, त्यातल्या अंतरावरून ते ठोके काढतं. मध्येच एखादा ठोका अवेळी, अशक्त पडला तर तो दंडापर्यंत पोचत नाही आणि यंत्र तो मोजत नाही. म्हणून आकडा अनपेक्षित वाटला, किंवा स्क्रीनवर अनियमित ठोक्यांची खूण लुकलुकली, तर सासऱ्यांच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. नाडी कधी भरभर, कधी रेंगाळत, कुठलाच ताल नसल्यासारखी लागली, तर बीपीचे आकडेही अवघे अदमासे समजा आणि ईसीजी काढून घ्या. अशा नाडीवर उभं-आडव्याचा भागाकार करण्यात अर्थ नाही.

आता गोळी. मनाने बंद न करण्याचं पहिलं कारण त्या '-लोल' गोळ्या. त्या एकदम थांबवल्या तर आवरून धरलेली गती आणि दाब दोन्ही उसळतात. हृदयाचा त्रास असलेल्याला ते महागात पडतं. दुसरं कारण, सासऱ्यांचं आडवं असतानाचं बीपी खरोखर जास्त असू शकतं, आणि मग सरसकट बंद करणं हा उपाय नाही. डॉक्टर बहुधा गोळीची जात, वेळ किंवा डोस बदलतील, प्रोस्टेटच्या गोळीचा फेरविचार करतील. पण त्यासाठी त्यांच्या हातात तुमची वही हवी. आजवर त्यांनी फक्त बसलेलं १४६ पाहिलं आहे. भेटीत सरळ विचारा: "डॉक्टर, बाबांचं झोपवून आणि उभं करून बीपी बघता का? उभं राहिल्यावर नाडी वाढत नाहीये." गर्दीच्या ओपीडीत आपणहून हे होत नाही, पण सांगितलं की होतं. खोल श्वास घेताना ठोक्यांतलं अंतर किती बदलतं ते ईसीजीवर पाहण्याची एक साधी तपासणी आहे, तीही त्यांना सुचवता येईल.

तोवर घरात करण्यासारखं बरंच आहे. झोपेतून थेट उभं राहू देऊ नका. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं आणि पावलं वर-खाली पंधरा-वीस वेळा हलवायची, म्हणजे पोटऱ्या पिळल्या जाऊन पायातलं रक्त वर चढतं. रात्री लघवी बसून करायची, न्हाणीघराची कडी लावायची नाही. कढत पाण्याच्या आंघोळीने वाहिन्या आणखी सैलावतात, म्हणून पाणी कोमटच हवं आणि आंघोळ पाटावर किंवा स्टुलावर बसून. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली सहा इंचांचे ठोकळे द्या. यासाठी उशांची चळत लावून उपयोग नाही, ती फक्त मान वाकवते. पूर्ण पलंगच उतरता झाला की रात्रीचा दाब आणि रात्रीची लघवी दोन्ही थोडी कमी होतात. मज्जातंतूंच्या बिघाडात आणखी एक गोष्ट लागू पडते: उठण्याआधी दोन ग्लास साधं पाणी, पाच मिनिटांत. अर्ध्या तासात उभं असतानाचं बीपी त्याने थोडं वर येतं. पण हृदय कमजोर असेल किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर हे विचारल्याशिवाय करू नका. लिंबूपाण्यातलं मीठ आणि साखर मात्र सासऱ्यांसाठी आता थांबवा. साखर का नको, ते सांगायला नको. आणि आडवं असताना ज्याचं बीपी आधीच चढलेलं आहे, त्याला मीठ द्यायचं की नाही ते डॉक्टरांनी ठरवावं.

सासूबाईंचं प्रकरण सोपं आहे, पण अजून संपलेलं नाही. उपास नसलेल्या दिवशी, नेहमीसारखं खाऊन-पिऊन, त्यांचीही एकदा आडवं-उभं मोजणी करा. घसरण नसेल आणि नाडी दहा-पंधरानेच वाढत असेल, तर दोष त्या दुपारचा. पुढच्या एकादशीला पाणी, ताक, नारळपाणी सोडायचं नाही. निर्जळाच करायची असेल, तर बीपीची वा लघवीची एखादी गोळी चालू आहे का, आणि त्या दिवशी तिचं काय करायचं, हे आधी विचारून ठेवा. पण नेहमीच्या दिवशीही नाडी वीस-पंचवीसने चढत असेल, तर टाकी रोजच अर्धी राहते आहे. मग हिमोग्लोबिन तपासा, आणि अंगदुखीच्या गोळ्या रोज घेत असतील तर शौचाचा रंगही विचारा. पोटात थेंब-थेंब रक्त जात असेल तर ते आधी नाडीत दिसतं, बीपीत उशिरा.

याच जोडीचा तिसरा प्रकार तरुणांमध्ये भेटतो, विशेषतः मुलींमध्ये. उभं राहिल्यावर बीपी जागच्या जागी आणि नाडी ३० किंवा त्याहून जास्त चढलेली, तीही दहा मिनिटांच्या आत आणि महिनोन्महिने. अशा मुलींना 'बीपी नॉर्मल आहे, टेन्शन घेतेस' एवढंच ऐकावं लागतं, कारण कुणी तिसरा आकडा पाहत नाही. एकोणिसाच्या आतल्या मुलांत हीच मर्यादा ४० ची धरतात.

घाई कधी करायची तेही सांगतो. स्वस्थ आडवं असतानाही नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा आला, समजा बीपी ९४ आणि नाडी ११२, आणि माणूस घामाघूम, गार किंवा गोंधळलेला असेल, तर पुन्हा-पुन्हा मोजत बसू नका. १०८ ला फोन लावा. डांबरासारखी काळी शी, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पडून डोक्याला मार लागणं, यातल्या कशासाठीही त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. उलट बाजूने, सासऱ्यांची नाडी आडवं असताना सतत ५० च्या खाली येऊ लागली आणि चक्कर असेल, तरी थांबू नका. चक्करेचं कारण तेव्हा हृदयाच्या गतीतच असू शकतं.

वहीत फार काही लिहायला नको. एका सकाळची एक ओळ अशी पुरते: 'मंगळवार, ६.४०, गोळीआधी. आडवं १५८/८६, नाडी ७२. उभं १ मि. १२४/७०, नाडी ७५, अंधारी. ३ मि. १२०/६८, नाडी ७६. हात आधाराला. रात्री लघवीला ३ वेळा.' अशा तीन ओळी झाल्या की डोस वाढवल्याची तारीख वर लिहा, सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाका आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. महिन्याच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका.